क्लायंट विचारतो, ‘चित्र तर एका मिनिटात होते, मग फेऱ्या कशाला?’

*मी लहान उत्पादकांना त्यांच्या वस्तूंची विक्रीसाठी लागणारी चित्रे एआयच्या साहाय्याने तयार करून देते. एका नव्या क्लायंटला पाठवलेल्या कोटेशनमध्ये मी दहा दिवस आणि दुरुस्तीच्या तीन फेऱ्या लिहिल्या. त्यांचे उत्तर आले, ‘चित्र एका मिनिटात तयार होते, हे मी स्वतः पाहिले आहे. मग दहा दिवस आणि तीन फेऱ्या कशासाठी?’ मला चिडून लिहायचे नाही आणि तांत्रिक शब्दांचा मारा करून त्यांना गप्पही करायचे नाही. ई-मेलमध्ये नेमके काय लिहू?*

*— एक डिझायनर*

तुमच्या क्लायंटने जे पाहिले ते खरे आहे, आणि ई-मेलच्या पहिल्याच वाक्यात ते मोकळेपणाने मान्य करावे, असे मी सुचवेन. एका मिनिटात बाटलीचे चित्र नक्कीच तयार होते. मात्र ती कोणती तरी बाटली असते, आणि ग्राहकाच्या हाती जाणार असते त्यांची बाटली. चित्रात झाकणाला कडी दिसली आणि पाकिटातून निघालेल्या बाटलीला ती नसली, तर वस्तू परत येते आणि तक्रार उत्पादकाकडे जाते. एक चित्र आणि त्यांच्या वस्तूचे चित्र यांच्यामध्ये जे काम असते, त्याचाच हिशेब तुमच्या दहा दिवसांत आहे, आणि तो हिशेब त्यांना दाखवायचा आहे.

‘एआय कधी काय करेल, सांगता येत नाही’ हे वाक्य मात्र कृपा करून लिहू नका. आपल्याला ते नम्रपणाचे वाटते, पण समोरच्याला त्यातून एवढेच कळते की या बाईंचा आपल्या साधनावर ताबा नाही. ‘या व्यवसायात तीन फेऱ्यांची पद्धतच आहे’ हेही टाळावे, कारण पद्धत सांगितली की ती मोडून मागण्याचा मोह होतो, तर कारण सांगितले की माणूस त्यावर विचार करतो. कारण सांगण्यासाठी ते आधी आपल्या मनात स्वच्छ असायला हवे, म्हणून ई-मेलचा मसुदा देण्यापूर्वी थोडे त्याबद्दल लिहितो.

चित्र काढणाऱ्या प्रचलित पद्धतींपैकी बहुतेकींमध्ये यंत्र ठिपक्यांच्या निव्वळ गोंधळापासून सुरुवात करते आणि तो गोंधळ अनेक टप्प्यांत निवळवत नेते. प्रॉम्प्टमधले शब्द त्या निवळण्याला दिशा देतात. तुमच्या क्लायंटची बाटली त्याच्याकडे कोठेही साठवलेली नसते. शिकताना पाहिलेल्या असंख्य चित्रांवरून बाटली साधारणपणे कशी दिसते, याचा त्याला अंदाज असतो आणि त्या अंदाजातून ते दर वेळी एक नवी बाटली काढते. संदर्भ म्हणून खरा फोटो दिला, तर ही नवी बाटली खऱ्या बाटलीच्या बरीच जवळ येते, पण जवळ येणे आणि तीच असणे यांत अंतर राहतेच. मापाचेही त्याला काही ज्ञान नसते. बाटली चोवीस सेंटिमीटर उंच आहे, असे प्रॉम्प्टमध्ये लिहिले तरी तो आकडा पट्टी लावून पाळला जात नाही, आणि म्हणूनच शेजारी हात किंवा टेबल दाखवले की वस्तू कधी वाजवीपेक्षा मोठी, तर कधी खेळण्याएवढी दिसते.

लेबलवरच्या बारीक अक्षरांचे कारण वेगळे आहे, आणि ते ठाऊक असलेले बरे, कारण क्लायंटचा पहिला आक्षेप बहुधा तिथेच येतो. यांतल्या अनेक पद्धतींत काम थेट पिक्सेलवर होत नाही. चित्र एका आक्रसलेल्या रूपात हाताळले जाते, ज्यात आठ बाय आठ पिक्सेलच्या चौकोनासाठी एकच घर असते, आणि शेवटी ती घरे पुन्हा उलगडून पूर्ण चित्र तयार होते. म्हणजे १०२४ बाय १०२४ पिक्सेलचे चित्र प्रत्यक्षात १२८ बाय १२८ घरांत आखले गेलेले असते. लेबलच्या तळाच्या ओळीतले अक्षर दहा पिक्सेल उंच असेल, तर त्याच्या वाट्याला उंचीत जेमतेम सव्वा घर येते. एवढ्या जागेत वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षर कोठून टिकणार? अलीकडची साधने मोठे, ठळक नाव बऱ्याचदा बरोबर काढतात, पण त्याखालचा बारीक मजकूर लांबून अक्षरांसारखा आणि जवळून रेघोट्यांसारखा दिसतो.

आता ‘दुरुस्ती’ या शब्दाकडे या, कारण गैरसमजाचे मूळ मला तिथे दिसते. क्लायंटच्या डोळ्यांसमोर जी दुरुस्ती असते, ती छापखान्यातल्या मजकुरासारखी असते: एक शब्द चुकला, तो बदलला, बाकी पान जसेच्या तसे राहिले. यंत्राने काढलेल्या चित्रात ‘झाकण थोडे लहान करा’ असे प्रॉम्प्टमध्ये लिहून पुन्हा चित्र मागवले की झाकण लहान होते आणि त्याबरोबर प्रकाशाची दिशा, लेबलचा कल आणि मागची सावलीही हलते. सुरुवातीचा गोंधळ कोणता घ्यायचा, हे ठरवणारा सीड नावाचा आकडा तोच ठेवला तरी प्रॉम्प्टमधला एखादा शब्द बदलल्याचा परिणाम सगळ्या चित्रावर होऊ शकतो. यावर इनपेंटिंगचा उपाय आहे, म्हणजे हव्या त्या भागावर मास्क लावून तेवढाच भाग पुन्हा काढून घेणे. पण त्यातही मास्कच्या कडेला नवे-जुने जुळवावे लागते, आणि काही साधनांत मास्कबाहेरचा भागही त्या आक्रसण्या-उलगडण्यातून जात असल्याने किंचित बदलतो. म्हणून मी प्रत्येक इनपेंटिंगनंतर आधीचे चित्र वेगळ्या लेयरवर ठेवून फक्त बदललेला तुकडाच नव्या चित्रातून घेतो. हे न करता पाच-सहा वेळा चित्र यंत्रातून फिरवले, तर पहिल्या आणि शेवटच्या चित्रातली बाटली सख्ख्या बहिणींसारखी दिसते, एकच दिसत नाही.

माझ्या कामातले एक उदाहरण देतो. वस्तू होती पाण्याची बाटली: अपारदर्शक, गर्द हिरवी, ७५० मिलिलिटरची, २४ सेंटिमीटर उंच आणि ७ सेंटिमीटर व्यासाची. बाजूला पाण्याची पातळी दाखवणारी अरुंद पारदर्शक पट्टी आणि तिच्यावर २५०, ५०० व ७५० अशा तीन खुणा. झाकणाला बोट अडकवण्यापुरती कडी, आणि लेबलच्या तळाशी ‘झाकण घट्ट लावा’ अशी सूचना. मी चार पर्याय पाठवले. त्यांतला एक क्लायंटला इतका आवडला, की ‘हाच अंतिम समजा’ असे त्यांनी दहा मिनिटांत कळवले. चित्र देखणे होते, यात शंका नाही. सकाळचा तिरपा प्रकाश, मागे अंधुक खिडकी, बाटलीच्या खांद्यावर प्रकाशाची एक बारीक रेघ.

मी ते चित्र शंभर टक्के आकारात उघडले आणि शेजारी खरी बाटली ठेवली. चित्रात बाटली ७२० पिक्सेल उंच होती. २४ ला ७ या प्रमाणात तिची रुंदी २१० पिक्सेल असायला हवी होती, ती २३६ भरली, म्हणजे बाटली सुमारे बारा टक्के जाड झाली होती. (हे गणित बाटली समोरून, सरळ पाहिली असेल तरच लावावे, वरून किंवा तिरक्या कोनातून पाहिलेल्या वस्तूला ते लागू पडत नाही.) सरळ नळकांडीसारख्या बाटलीवर २५० ते ५०० आणि ५०० ते ७५० ही अंतरे सारखी हवीत, पण चित्रात एक अंतर दुसऱ्याच्या सव्वापट होते. म्हणजे त्या खुणांवर विसंबून कोणी पाणी मोजले असते, तर ते चुकले असते. कडी झाकणाच्या एका बाजूला जोडलेली होती आणि दुसरीकडे हवेत संपत होती. ‘घट्ट’मधल्या जोडाक्षराचा एक ट गायब होऊन त्या जागी एक आडवी रेघ उरली होती. आणि हिरवा? क्लायंटने दिलेला रंग `#1F5C4A` होता. आयड्रॉपरने बाटलीच्या मधल्या, ना उजेडातल्या ना सावलीतल्या भागावर पाहिले तर तो बराच निळसर निघाला, कारण यंत्राने खिडकीतल्या थंड उजेडाची छटा बाटलीवरही चढवली होती.

हे सगळे दोष क्लायंटला दिसले नव्हते, आणि त्यात त्यांची चूक नाही. डोळा आधी प्रकाश आणि मांडणी पाहतो. स्वतःची वस्तू रोज हाताळणारा माणूस तर चित्रात नसलेलेही मनाने भरून घेतो. मी एक साधी युक्ती वापरतो: खऱ्या वस्तूचा त्याच कोनातून काढलेला फोटो वरच्या लेयरवर अर्धपारदर्शक ठेवून तो झपाझप दाखवायचा आणि लपवायचा. जे जुळत नाही, ते लगेच उडी मारल्यासारखे दिसते. लेबल वाचताना मी शेवटच्या अक्षराकडून सुरुवात करतो, म्हणजे शब्द ओळखून पुढे सरकण्याची सवय आड येत नाही.

या उदाहरणावरून फेऱ्यांचा क्रमही आपोआप ठरतो, आणि फेऱ्या किती, यापेक्षा तो क्रम मला अधिक महत्त्वाचा वाटतो. आधी कोन, प्रकाश आणि पार्श्वभूमी ठरते. त्या वेळी लेबलकडे कोणी पाहायचेच नाही. मग वस्तूची सत्यता: आकार, खुणा, कडी, लेबल. बारीक मजकुरासाठी मी यंत्राशी झगडत बसत नाही; क्लायंटकडून लेबलची मूळ आर्टवर्क फाइल घेऊन ते बाटलीच्या गोलाईनुसार वाकवून बसवतो आणि त्यावर चित्रातला उजेड व सावली पुन्हा चढवतो. शेवटी कडा, सावली, रंग, रिझोल्यूशन आणि लागणारे वेगवेगळे आकार. तिसऱ्या फेरीत कोणी ‘बाटली जरा उजवीकडे वळवा’ म्हटले, तर दुसऱ्या फेरीतले सगळे वाया जाते, कारण लेबल त्या विशिष्ट कोनासाठीच वाकवलेले असते आणि सावली त्याच दिशेला पडलेली असते. हे एक वाक्य क्लायंटला कळले, की निम्मे भांडण तिथेच मिटते.

मसुदा मी बाटलीच धरून लिहिला आहे. दुसरा परिच्छेद तुम्ही त्यांच्या वस्तूचे एक चाचणी-चित्र तयार करून, त्यात प्रत्यक्ष सापडलेल्या फरकांवरून बदलावा.

विषय: उत्पादन-चित्रांसाठी तीन फेऱ्या कशासाठी — चाचणी-चित्र सोबत जोडले आहे

नमस्कार,

आपले उत्तर मिळाले. चित्र एका मिनिटात तयार होते, हे आपले म्हणणे बरोबर आहे. मी आज आपल्या बाटलीचे असेच एक चित्र तयार केले आणि ते खऱ्या बाटलीच्या फोटोशेजारी ठेवून सोबत जोडले आहे. त्यावर चार ठिकाणी लाल वर्तुळे केली आहेत.

पहिल्या वर्तुळात बाटलीची रुंदी आहे. ती खऱ्या बाटलीपेक्षा साधारण बारा टक्के जास्त आली आहे. दुसऱ्यात पाण्याच्या पातळीच्या खुणा आहेत, ज्यांच्यातील अंतरे सारखी नाहीत. तिसऱ्यात झाकणाची कडी एका बाजूने सुटलेली आहे. चौथ्यात लेबलवरील सूचना आहे, जी मोठी करून पाहिल्यास वाचता येत नाही. हे यंत्र आपल्या बाटलीचा फोटो काढत नाही, तर बाटली कशी असावी, याच्या अंदाजावरून दर वेळी नवे चित्र रेखाटते. त्यामुळे चित्र चटकन मिळते, पण ते आपल्याच बाटलीचे करण्यासाठी पुढचे काम हाताने आणि खऱ्या वस्तूशी ताडून करावे लागते.

हे काम मी तीन फेऱ्यांत करते. पहिल्या फेरीत मी आपल्याला लहान आकाराची चार चित्रे पाठवीन. त्यांत केवळ कोन, प्रकाश आणि पार्श्वभूमी पाहून आपण एक निवडावे. लेबल आणि बारकावे यांत चुका असतील, त्यांकडे या वेळी दुर्लक्ष करावे. दुसऱ्या फेरीत निवडलेल्या चित्रातील बाटली मी खऱ्या बाटलीप्रमाणे करीन आणि लेबल आपल्या मूळ फाइलवरून बसवीन. या फेरीत आपण प्रत्यक्ष बाटली समोर ठेवून प्रत्येक भाग तपासावा, ही विनंती. तिसऱ्या फेरीत रंग, सावली आणि कडा नीट करून, आपल्याला लागणाऱ्या सर्व आकारांत अंतिम चित्रे देईन.

एका फेरीत मान्य झालेली गोष्ट पुढच्या फेरीत बदलायची झाल्यास त्यानंतरचे काम पुन्हा करावे लागते. उदाहरणार्थ, लेबल बसवल्यानंतर बाटलीचा कोन बदलला, तर लेबल आणि सावली दोन्ही नव्याने करावी लागतात. असा बदल आपल्याला हवा असल्यास मी तो अवश्य करीन, मात्र तो वेगळी फेरी म्हणून धरला जाईल आणि त्याचा वेळ व खर्च मी आधी कळवीन. यंत्राच्या चुकीमुळे किंवा माझ्या नजरेतून सुटल्यामुळे राहिलेला दोष फेरीत मोजला जाणार नाही. तो कोणत्याही टप्प्यावर विनाशुल्क दुरुस्त केला जाईल.

दहा दिवसांपैकी सहा दिवस माझ्या कामाचे आहेत आणि उरलेले चार आपल्या पाहणीसाठी राखले आहेत, म्हणजे पहिल्या दोन फेऱ्यांनंतर प्रत्येकी दोन दिवस. आपला अभिप्राय त्याच दिवशी आला, तर काम तेवढे लवकर पूर्ण होईल. अभिप्राय एकाच व्यक्तीकडून, एकत्रित आणि एकदाच आल्यास सोयीचे होईल.

काम सुरू करण्यासाठी मला एक नमुना बाटली, लेबलची मूळ आर्टवर्क फाइल, रंगाचा नेमका कोड आणि चित्रे जिथे वापरायची आहेत तेथील आकारांची माहिती लागेल.

कळावे,
आपली,
(नाव)

आता या मसुद्यातल्या काही वाक्यांमागची कारणे सांगतो, कारण तुम्हाला ती बदलावीशी वाटतील.

यंत्राच्या चुका फेरीत न मोजण्याचे वाक्य काढून टाकण्याचा मोह होईल, तो आवरा. मोडलेले जोडाक्षर दुरुस्त करण्यासाठी क्लायंटची एक फेरी खर्ची घालणे, हे शिंप्याने स्वतः उसवलेल्या शिवणीचे पैसे मागण्यासारखे आहे. फेरी म्हणजे क्लायंटचा निर्णय किंवा मतबदल. तुमच्या पडद्यावर तुम्ही तीस वेळा चित्र फिरवले, तर ते तुमचे काम आहे आणि कोटेशनच्या रकमेत ते आधीच धरलेले असले पाहिजे. हा भेद तुम्ही स्वतःहून लिहून दिलात, की जादा फेरीचे शुल्क मागताना तुमचा हात आखडत नाही.

दिवसांची फोड दिली आहे, तीही मुद्दाम. ‘दहा दिवस’ वाचून क्लायंटला वाटते की दहा दिवस तुम्हीच लावणार आहात. त्यातले चार त्यांचेच आहेत, हे दिसले की घाई कोणी करायची, हे त्यांचे ते ठरवतात. माझे आकडे तुम्हाला लागू नसतील, तर तुमचे घाला, पण फोड मात्र असू द्या.

एकत्रित अभिप्रायाची अट लहान दिसते, पण प्रत्यक्षात काम रखडते ते बहुधा तिथेच. सकाळी मालक म्हणतात पार्श्वभूमी उजळ करा, दुपारी विक्री पाहणारे म्हणतात बाटली अधिक गडद हवी, आणि संध्याकाळी तिसरे कोणी दोन्ही रद्द करते. प्रत्येक निरोपावर चित्र फिरवत गेलात, तर आधी सांगितल्याप्रमाणे बाटलीच बदलत जाते. म्हणून सगळे अभिप्राय एका कागदावर येईपर्यंत फाइल उघडू नका. ‘जरा उठावदार करा’ असा अभिप्राय आला, तर त्यावरही काम सुरू करू नका. उठावदार म्हणजे पार्श्वभूमी फिकी, बाटलीवरचा उजेड जास्त की चौकटीत बाटली मोठी, असे तीन पर्याय त्यांच्यापुढे ठेवून एक निवडून घ्या. ते पर्याय तुम्ही मूळ चित्रावर पाच मिनिटांत ढोबळपणे करून दाखवू शकता, आणि त्यासाठी यंत्राकडे जायची गरजही नसते.

आणखी एक सावधगिरी, जी ई-मेलमध्ये न लिहिता तुम्ही स्वतःशी ठेवावी. दुसऱ्या फेरीपर्यंत वस्तू खऱ्या वस्तूशी जुळत नसेल, तर प्रॉम्प्ट बदलत बसण्यात अर्थ नाही. तिथे थांबून वस्तूचा खरा फोटो काढावा आणि यंत्राकडून फक्त पार्श्वभूमी घ्यावी. मग काम उरते ते जुळवणीचे: फोटोतला प्रकाश ज्या बाजूने येतो, त्याच बाजूने तो पार्श्वभूमीतही यायला हवा, कॅमेऱ्याची उंची सारखी हवी, आणि वस्तू जिथे टेकते तिथे अगदी खाली एक गडद, अरुंद सावली हवी. ती टेकणीची सावली नसली, की बाटली टेबलावर ठेवलेली न वाटता चिकटवलेली वाटते. वस्तू काचेची किंवा पूर्ण पारदर्शक असेल, तर ही जुळवणीही अवघड जाते, कारण फोटोत तिच्या आरपार जुनीच पार्श्वभूमी वाकून दिसत असते; कडेने कापून ती नव्या जागी ठेवली, तरी जुनी खोली तिच्याबरोबर येते. अशा वस्तूंसाठी मी सरळ छायाचित्रकार सुचवतो आणि काम सोडतो. क्लायंट नाराज होतील, ही भीती मलाही वाटायची, पण आजवर तसे झालेले नाही.

रिझोल्यूशनबद्दल एवढेच, की लहान चित्र मोठे करून देणारी साधने नसलेला तपशील स्वतःच्या कल्पनेने भरतात. त्यामुळे आकार वाढवल्यानंतर लेबल आणि खुणा पुन्हा तपासायच्या, किंवा त्याहून सोपे म्हणजे, लेबल आकार वाढवल्यानंतरच बसवायचे. पांढऱ्या पार्श्वभूमीचे चित्र मागितले असेल, तर चारही कोपऱ्यांवर आयड्रॉपर लावून तिन्ही आकडे २५५ येतात का, ते पाहा. यंत्राचा पांढरा बऱ्याचदा किंचित पिवळट किंवा राखाडी असतो आणि विक्रीच्या पानावर त्याची चौकट उठून दिसते.

जोडलेल्या चित्राविषयी शेवटची सूचना. चार वर्तुळे पुरेत. तुम्हाला अकरा दोष सापडले, तरी अकरा दाखवू नका. क्लायंट मग वर्तुळे मोजत बसतात आणि हे साधन वापरावेच का, असे विचारू लागतात. जे दोष ग्राहकाच्या हातातल्या वस्तूशी ताडून पाहता येतील, तेवढेच निवडा, आणि चित्र ई-मेलमध्ये असे लावा की ते मजकुराच्या आधी दिसेल.